परिच्छेदात वाक्य कुठे बसवायचं? कॅटच्या सेंटेन्स प्लेसमेंट प्रश्नांबद्दल नेहमी विचारलं जाणारं सगळं

हा प्रश्न नेमका दिसतो कसा?

कॅटच्या व्हीएआरसी सेक्शनमध्ये 2022 पासून हा प्रकार येतोय. आधी एक सुटं वाक्य देतात, खाली एक परिच्छेद असतो आणि त्या परिच्छेदात चार ठिकाणी रिकाम्या जागा असतात, 1, 2, 3, 4 असे नंबर टाकलेल्या. सुटं वाक्य यातल्या कुठल्या जागी सगळ्यात चांगलं बसेल तेवढं सांगायचं. कोचिंगवाले याला कधी पॅरा कम्प्लिशन म्हणतात, कधी सेंटेन्स प्लेसमेंट, कधी मिसिंग सेंटेन्स, प्रकार एकच. टोफेलच्या रीडिंगमध्येही वर्षानुवर्षं हाच प्रश्न असायचा, फक्त तिथे नंबरांऐवजी काळे चौकोन असायचे आणि योग्य चौकोनावर क्लिक करायचं. म्हणजे टोफेलचं जुनं मटेरियल घरात पडलं असेल तर फेकू नका, सरावाला उत्तम आहे.

चारही जागी वाक्य बरं वाटतं, मग ठरवायचं कसं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि त्याचं कारण असं की बहुतेक जण विषय बघून वाक्य बसवतात. परिच्छेद केळ्यांबद्दल आहे, वाक्यही केळ्यांबद्दल आहे, मग कुठेही टाका, चालतंच की. पेपर काढणाऱ्याला हे माहीत असतं, म्हणून तो मुद्दाम चारही जागा विषयाच्या दृष्टीने चालतील अशाच ठेवतो. त्यामुळे "इथे कशाबद्दल बोलणं चाललंय" हे विचारून काही हाती लागत नाही. विचारायचं ते हे की सुटं वाक्य मागच्या वाक्यातलं काय पकडतंय, पुढचं वाक्य सुट्या वाक्यातलं काय पकडतंय, आणि तिसरं, जे लोक हमखास विसरतात, आपण मध्ये घुसल्यामुळे आधीपासून एकमेकांना धरून असलेली दोन वाक्यं तुटली तर नाहीत ना. तिन्ही तपासण्या पास झाल्या तरच जागा पक्की.

एखादं उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाल का?

दाखवतो, मराठीतच घेतोय म्हणजे भाषेत न अडकता नुसता तर्क दिसेल. परिच्छेद असा:

(1) बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर काळ्या बेसॉल्ट खडकातल्या एका अवाढव्य गोल खड्ड्यात आहे. (2) आजूबाजूचा सगळा खडक लाव्हा थंड होऊन बनलेला असल्यामुळे हा खड्डाही ज्वालामुखीचाच असणार असं कित्येक अभ्यासकांना वाटायचं. (3) 1970 च्या दशकात खड्ड्यात ड्रिलिंग करून काढलेल्या नमुन्यांमध्ये मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली. (4) ती ज्वालामुखीच्या उद्रेकात बनत नाही, तिच्यासाठी उल्का आदळल्यावर होतो तसा प्रचंड दाब लागतो.

सुटं वाक्य: "हा अंदाज मात्र जमिनीखालून आलेल्या पुराव्यापुढे टिकला नाही."

परिच्छेदाकडे जायच्या आधी सुट्या वाक्याचीच झडती घ्या. "हा अंदाज" म्हणजे अंदाज आधी कोणीतरी मांडलेला हवा. "मात्र" म्हणजे इथे बोलणं उलट्या दिशेने वळतंय. "जमिनीखालून आलेला पुरावा" असं नुसतं म्हटलंय, पुरावा कुठला ते सांगितलेलं नाही, म्हणजे ते पुढे कोणीतरी सांगणार आहे. एवढ्यात आपल्याला कळलं की मागे एक अंदाज पाहिजे आणि पुढे पुरावा पाहिजे.

आता जागा 1 बघा, मागे काहीच नाही, अंदाज कुठून आणणार, बाद. जागा 2 च्या मागे फक्त सरोवराचं वर्णन आहे, कोणी काही अंदाज केलेला नाही, बाद. जागा 3 च्या मागे "असं कित्येक अभ्यासकांना वाटायचं" आहे, हाच तो अंदाज, आणि पुढे ड्रिलिंगचे नमुने आहेत, हाच तो जमिनीखालचा पुरावा. दोन्ही बाजूंनी घट्ट.

पण थांबा, जागा 4 न तपासता पुढे जाऊ नका, कारण सापळा तिथेच आहे. मुलं म्हणतात आधी काच सापडली, मग अंदाज टिकला नाही, क्रम बरोबरच आहे की. ऐकायला पटतं. पण 4 मध्ये वाक्य टाकून पुढचं वाक्य वाचून बघा: "हा अंदाज मात्र जमिनीखालून आलेल्या पुराव्यापुढे टिकला नाही. ती ज्वालामुखीच्या उद्रेकात बनत नाही." ती कोण? अंदाजही पुल्लिंगी, पुरावाही पुल्लिंगी, "ती" लोंबकळत राहिली. काच आणि ती ही जोडी आधीपासून जुळलेली होती आणि आपण मध्ये घुसून ती तोडली. म्हणून 4 बाद, उत्तर 3.

इंग्रजीत तर लिंग असं दिसत नाही, मग सर्वनाम कसं तपासायचं?

बरोबर मुद्दा आहे. मराठीत तो-ती-ते लगेच चुगली करतात, इंग्रजीतलं इट सगळ्या निर्जीव गोष्टींना सारखंच. लोणारचा हाच परिच्छेद इंग्रजीत असता तर जागा 4 नंतरचं इट व्याकरणाने "अंदाज" किंवा "पुरावा" यांनाही चिकटलं असतं आणि कानाला काहीच खटकलं नसतं. म्हणून इंग्रजीत सर्वनामाच्या जागी प्रत्यक्ष नाम ठेवून वाचायचं. "पुरावा ज्वालामुखीच्या उद्रेकात बनत नाही" असं वाचलं की अर्थाचा विचका लगेच दिसतो.

इंग्रजीत आपल्याला मिळतं ते वचन. दे, देम, दीज असेल तर मागे अनेकवचनी काहीतरी हवंच, एकच गोष्ट असेल तर ती जागा गेली. ही आणि शी असेल तर मागे माणूस हवा. पूर्ण नावाची खूणही लक्षात ठेवा, इंग्रजी लेखक माणसाचं पूर्ण नाव आणि ओळख पहिल्यांदा देतो आणि नंतर नुसतं आडनाव वापरतो, त्यामुळे सुट्या वाक्यात नुसतं आडनाव असेल तर पूर्ण नावाच्या आधीची जागा सहसा बाद धरा. अ आणि द चंही तसंच, "अ स्टडी" ही पहिली भेट आणि "द स्टडी" ही दुसरी.

धिस आणि सच दिसलं की सगळे "क्लू आहे क्लू आहे" म्हणतात, पण पुढे काय करायचं?

धिसच्या नंतर काय आलंय ते बघायचं. धिसच्या मागोमाग नाम असेल, धिस बिलीफ, धिस शिफ्ट, धिस कॉन्ट्रॅडिक्शन, सच मेथड्स, तर ते नाम म्हणजे मागच्या मजकुरावर लेखकाने लावलेलं लेबल असतं. मागच्या वाक्यात तो शब्द जसाच्या तसा सापडेलच असं नाही, उलट बहुतेक वेळा सापडतच नाही. लोणारच्या उदाहरणात "अंदाज" हा शब्द मागे कुठेही नव्हता, "वाटायचं" होतं. तोच शब्द शोधत बसणारा विद्यार्थी इथे हरतो. शोधायचं ते हे की मागचं वाक्य वाचून मी त्याला हे लेबल लावलं असतं का. लेबल शिफ्ट असेल तर मागे आधी एक स्थिती आणि नंतर दुसरी स्थिती हवी, कॉन्ट्रॅडिक्शन असेल तर एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन गोष्टी हव्यात, एकच असून भागणार नाही.

नुसतं धिस असेल, पुढे नाम नसेल, तर काम अवघड. तेव्हा ते अख्ख्या मागच्या वाक्याकडे किंवा त्याही आधीच्या दोन-तीन वाक्यांकडे बोट दाखवू शकतं. अशा वेळी धिसच्या पुढचं क्रियापद बघा. "यामुळे किमती वाढल्या" असं असेल तर मागे किंमत वाढवू शकेल असं काहीतरी घडलेलं हवं.

सुट्या वाक्यात एकही सर्वनाम नाही, हाउएव्हर नाही, काहीच नाही. मग?

मग क्लू परिच्छेदात असतो. सुट्या वाक्याकडे टक लावून बसून उपयोग नाही, परिच्छेदात कुठलं वाक्य उपाशी आहे ते शोधा, म्हणजे कुठल्या वाक्याला जे मागे हवंय ते मिळत नाहीये.

बघा हा परिच्छेद:

(1) विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जागतिक बाजारात निर्यात होणारी केळी मुख्यतः ग्रो मिशेल जातीची होती. (2) जमिनीतल्या एका बुरशीमुळे होणाऱ्या पनामा रोगाने मध्य अमेरिकेतल्या तिच्या बागा एकामागून एक संपवल्या. (3) आता त्या बुरशीच्या एका नव्या प्रकाराने या दुसऱ्या जातीलाही गाठलं आहे. (4) केळीची झाडं मुनव्यांपासून किंवा ऊतिसंवर्धनाने वाढवतात, त्यामुळे बागेतली सगळी झाडं जनुकीयदृष्ट्या जवळपास सारखीच असतात आणि एकाला झालेला रोग दुसरं झाड अडवू शकत नाही.

सुटं वाक्य: "1950 आणि 60 च्या दशकांत निर्यातदार कंपन्या कॅव्हेंडिश जातीकडे वळल्या."

सुट्या वाक्यात पकडायला काहीच नाही, साल आहे तेवढंच. पण परिच्छेद वाचताना "या दुसऱ्या जातीलाही" इथे ठेच लागली पाहिजे. दुसरी कुठली? आत्तापर्यंत तर एकच जात आलीय. शिवाय "लाही" मधला "ही" सांगतो की पहिलीला आधीच गाठून झालंय. म्हणजे या वाक्याच्या लगेच आधी दुसऱ्या जातीची ओळख हवी, उत्तर 3. सालांनीही दुजोरा मिळतो, शतकाचा पूर्वार्ध, मग 1950-60, मग आता.

इथे जागा 2 मोह पाडते कारण ग्रो मिशेल नंतर कॅव्हेंडिश असा जातींचा क्रम छान लागतो. पण 2 मध्ये टाकलं तर पुढच्या वाक्यातलं "तिच्या बागा" कॅव्हेंडिशच्या होतात आणि पनामा रोगाने कॅव्हेंडिश संपवली असा अर्थ निघतो, जो पुढच्या "नव्या प्रकाराने दुसऱ्या जातीलाही" याच्याशी जुळत नाही. शिवाय कंपन्या का वळल्या त्याचं कारणच वळल्यानंतर येतं. (जळगावकडच्या वाचकांनी जी-नाईनच्या बागा बघितल्या असतीलच, ती याच कॅव्हेंडिश गटातली.)

इंग्रजी परिच्छेदात असे उपाशी शब्द म्हणजे अनदर, ऑल्सो, बोथ, द सेकंड, द लॅटर, ईव्हन, स्टिल, इन्स्टेड. वाचताना यातला एखादा शब्द आला आणि त्याचा जोडीदार मागे सापडला नाही तर त्या वाक्याच्या आधीची रिकामी जागा सगळ्यात पहिली तपासा.

हाउएव्हर, देअरफोर, फॉर एक्झाम्पल यांची यादी पाठ करू का?

यादी पाठ करून फार काही होत नाही, प्रत्येक शब्द मागच्या वाक्याकडे काय मागतो ते कळलं पाहिजे. फॉर एक्झाम्पल मागतो सर्वसाधारण विधान, म्हणजे मागचं वाक्य पुढच्यापेक्षा मोठ्या आवाक्याचं हवं. मागेच एखादा नेमका किस्सा असेल तर दुसरा किस्सा फॉर एक्झाम्पलने सुरू होणार नाही, तो सिमिलर्ली किंवा अनदरने होईल. देअरफोर मागतो कारण, आणि तेही पुरेसं कारण, नुसती आधी घडलेली गोष्ट नाही. हाउएव्हर मागतो अपेक्षा, जी आता मोडणार आहे.

हाउएव्हरच्या बाबतीत एक गोष्ट लोक बघत नाहीत. सुट्या वाक्यात हाउएव्हर असेल तर फक्त मागे विरोध आहे का एवढं बघून चालत नाही, पुढचं वाक्य वळणानंतरच्या दिशेनेच जातंय का ते पण बघावं लागतं. सुटं वाक्य म्हणतंय "मात्र योजना फसली" आणि पुढचं वाक्य योजनेचा आणखी एक फायदा सांगतंय, तर मागची बाजू कितीही जुळो, ती जागा चुकीची. सुट्या वाक्यात हाउएव्हर आणि पुढच्या वाक्याच्या सुरुवातीलाही बट किंवा येट असेल तर तिथेही जरा संशय घ्या, लागोपाठ दोनदा यू-टर्न चांगला लेखक क्वचितच घेतो.

जागा 1 कधी उत्तर असू शकते का? मी तर ती न वाचताच काढून टाकतो.

असं करू नका. सुट्या वाक्यात मागे बोट दाखवणारं काही नसेल, त्यात विषयाची पूर्ण ओळख असेल, आणि परिच्छेदाचं पहिलं छापलेलं वाक्य धिस, दे, सच किंवा नुसत्या द अमुकतमुक ने सुरू होत असेल तर जागा 1 जोरदार उमेदवार आहे. परिच्छेदाचं पहिलं वाक्य मधूनच बोलायला लागल्यासारखं वाटतंय का, एवढं विचारलं तरी पुरतं. उलट सुट्या वाक्यातच धिस किंवा हाउएव्हर असेल तर 1 निर्धास्त काढा. एक अपवाद लक्षात असू द्या, इंग्रजीत कधीकधी सर्वनाम आधी आणि नाव त्याच वाक्यात नंतर येतं, जसं "देअर फर्स्ट इयर्स वेअर हार्ड फॉर द सेटलर्स" यात देअर म्हणजे पुढे आलेले सेटलर्स. असं सर्वनाम मागे काही मागत नाही, त्यावरून जागा बाद करू नका.

दोन जागा उरतात आणि तिथेच अडकतो. तेव्हा काय?

दोन्ही जागी वाक्य टाकून मागचं, सुटं आणि पुढचं अशी तीन वाक्यं सलग मनात वाचा, अख्खा परिच्छेद पुन्हा वाचू नका. मग विचारा, सुटं वाक्य काढून घेतलं तर कुठल्या जागी उडी जास्त जाणवते? बरोबर जागेवरून वाक्य काढलं की तिथे खड्डा पडतो, चुकीच्या जागेवरून काढलं की परिच्छेद उलट सुधारतो. लोणारच्या परिच्छेदात 4 मधून वाक्य काढा, काच आणि ती पुन्हा शेजारी येतात, म्हणजे तिथे त्याची गरज नव्हतीच.

तरीही सुटलं नाही तर गणित बघा. हा प्रश्न पर्यायांचा असेल तर बरोबरला +3 आणि चुकीला -1. चारांतून डोळे मिटून एक टिक केला तर सरासरी हाती शून्य. पण दोन जागा खात्रीने काढल्या असतील तर उरलेल्या दोनांपैकी एक निवडून सरासरी +1 पडतो, तेव्हा प्रश्न सोडून देऊ नका, मार्क करा आणि पुढे व्हा. खात्रीने हा शब्द महत्त्वाचा, "मला वाटत नाही" म्हणून काढलेली जागा त्यात धरायची नाही.

किती वेळ द्यायचा?

सेक्शनला 40 मिनिटं आणि अलीकडच्या पेपरांत 24 प्रश्न, त्यातले बहुतेक कॉम्प्रिहेन्शनचे. या प्रश्नाला दीड ते दोन मिनिटं ठीक. त्यातली पहिली 15-20 सेकंद फक्त सुट्या वाक्यावर घालवा, परिच्छेदाला हातही न लावता: हे मागे काय मागतंय, पुढे काय देतंय. आधी परिच्छेद आणि मग वाक्य वाचलं तर परिच्छेद हमखास दोनदा वाचावा लागतो.

काही वेळा सगळं तपासूनही उत्तर चुकतं, का?

बहुतेकदा कारण असं की तुम्ही एक जबरदस्त क्लू पकडला आणि दुसरी बाजू बघितलीच नाही. मागची बाजू परफेक्ट जुळली की माणूस खूश होऊन टिक करतो. चुकलेल्या प्रश्नांची वही ठेवत असाल तर प्रत्येकापुढे एवढंच लिहा: मागची बाजू चुकली, पुढची चुकली की जोडी तोडली. काही दिवसांत तुमची सवय कुठली ते दिसेल.

आणि काही परिच्छेद खरोखरच सैल असतात, विशेषतः तत्त्वज्ञान किंवा कलेवरचे, तिथे सर्वनामंही नसतात आणि जोडशब्दही नसतात. तिथे फक्त विचाराची पातळी बघता येते, सुटं वाक्य मोठं विधान करतंय की बारीक तपशील देतंय, आणि कुठल्या जागी आजूबाजूची वाक्यं त्याच पातळीवर आहेत. ही खूण सर्वनामाइतकी पक्की नाही, म्हणून सर्वनाम हाताशी असेल तर आधी त्याचं ऐका.

मॉक संपलेत, सराव कशावर करू?

वर्तमानपत्रातला कुठलाही चांगला लेख घ्या, इंग्रजी संपादकीय असेल तर उत्तम. पाच-सहा वाक्यांचा परिच्छेद निवडा, त्यातलं एक वाक्य काढून वेगळं लिहा, ते जिथून काढलं ती जागा आणि आणखी तीन जागा रिकाम्या ठेवा आणि मित्राला द्या, त्याने तुम्हाला त्याचा द्यावा. काढताना लक्षात येईल की काही वाक्यं काढली तरी कोणाला पत्ता लागत नाही, अशा वाक्यांवर प्रश्न बनत नाही. ज्याच्या मागेही धागा आहे आणि पुढेही, तेच वाक्य काढावं लागतं. एकटेच असाल तर प्रश्न बनवून चार-पाच दिवस बाजूला ठेवा, मूळ परिच्छेद विसरला की सोडवा, आणि बाकीच्या तीन जागा का नाही त्याचं प्रत्येकी एक ओळ कारण लिहूनच उत्तर ताडून बघा.